कॅमेऱ्याची साक्ष

कळवा स्थानकाच्या पूर्वेस, पारसिकच्या डोंगराकडे तोंड करून, पावसाळा नुकताच सरलेला असताना संध्याकाळी कोणी पाच मिनिटे स्वस्थ उभा राहिला, तर पाठीमागे खाडीवर सूर्य मावळत असता समोर डोंगरमाथ्यावर पृथ्वीचीच निळसर करडी छाया हळूहळू वर चढत असलेली आणि तिच्या वर गुलाबी रंगाचा एक फिकट पट्टा पसरलेला त्याला दिसेल. आणि तेवढ्यात रस्त्यावरचे दिवे लागतील. नेमक्या याच जागेवरून, याच वेळेचे, परंतु अद्याप अस्तित्वातच नसलेल्या एका चौदा मजली इमारतीचे चित्र संगणकावर तयार करून देण्याचे काम माझ्याकडे आले होते. वास्तुविशारदांच्या नकाशांवरून अशी चित्रे करणे हाच माझा व्यवसाय असल्यामुळे त्यात नवल काही नव्हते. एका जुन्या चार मजली गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास व्हावयाचा होता आणि नवी इमारत कशी दिसेल हे सभासदांना सर्वसाधारण सभेपुढे दाखवावयाचे होते.

पहिले चित्र मी मोठ्या निगुतीने केले. गॅलऱ्यांचे कठडे, खिडक्यांची सरकती तावदाने, खालच्या दुकानांच्या शटरांवरील पन्हळी, सारे मापाबरहुकूम होते. सभेत ते पडद्यावर दाखविले तेव्हा माना डोलल्या, परंतु कारशेडमधून निवृत्त झालेले एक वयोवृद्ध सभासद बराच वेळ पाहून म्हणाले, “चित्र झकास आहे भाऊ, पण इथं कुणी उभं राहून काढलंय असं वाटत नाही.” मी घाईने त्याचा उपाय केला. तयार मिळणारा सूर्याचा झगझगाट उजव्या वरच्या कोपऱ्यात बसविला, चारही कोपरे काळे केले, वरून थोडा रवाळपणा शिंपडला आणि आठ दिवसांनी तेच चित्र पुन्हा पुढे ठेवले. या खेपेस त्याच काकांनी बोट ठेवले ते नेमके त्या झगझगाटावर. “या अंगाला पारसिक. सूर्य मावळतो खाडीवर, आपल्या पाठीशी. मग हा उजेड डोंगरातून आला कुठून?”

त्या एका प्रश्नाने मला माझ्या कामाची रुजुवात नव्याने करावयास लावली. छायाचित्रातील दोष ही शोभेची वस्तू नव्हे, ती त्या यंत्राची जबानी असते. कॅमेरा कोठे उभा होता, त्याचे भिंग केवढे रुंद होते, छिद्र किती उघडे होते, प्रकाश किती अपुरा होता, हे सर्व तो आपल्या व्यंगांतून सांगत असतो. आणि आयुष्यभर छायाचित्रे पाहत आलेल्या डोळ्याला ती भाषा न शिकताही कळत असते. म्हणून कडांचा काळोख, भिंगातला झगझगाट आणि संवेदकाचा रवाळपणा हे तीन साक्षीदार उभे करावयाचे, तर त्यांच्या जबान्या एकमेकींशी आणि त्या जागेशी जुळल्या पाहिजेत. एकाने सांगितले की छिद्र उघडे होते आणि दुसऱ्याने सांगितले की ते मिटलेले होते, तर पाहणाऱ्याला दोहोंपैकी खोटे कोणते हे सांगता येणार नाही, पण काहीतरी खोटे आहे हे कळल्याशिवाय राहणार नाही.

मी पुनश्च आरंभ केला तो एका काल्पनिक छायाचित्रकारापासून. त्याच्या हाती 36 गुणिले 24 मिलिमीटरच्या संवेदकाचा कॅमेरा आहे. भिंग 24 मिलिमीटरचे, कारण रस्ता अरुंद आणि इमारत उंच. तिपाई नाही, म्हणून छिद्र एफ 4, झडप सेकंदाचा साठावा भाग आणि आयएसओ 800. हे चार आकडे एका कागदावर लिहून मी भिंतीवर लावले आणि पुढील प्रत्येक निर्णय त्यांना विचारून घेतला. याहून महत्त्वाचा निर्णय होता अनुक्रमाचा. प्रकाश प्रथम भिंगातून जातो, मग संवेदकावर पडून मोजला जातो, मग त्या मोजमापाला उजळपणाची वक्ररेषा लावून पाहण्याजोगे चित्र तयार होते, आणि सर्वांत शेवटी ते जेपेगमध्ये आवळले जाते. आपली भेसळही त्याच क्रमाने व्हावी: आधी भिंगाचे दोष, नंतर संवेदकाचे, आणि वक्ररेषा त्यानंतर. बहुतेक चित्रांत घोटाळा होतो तो येथेच, कारण रेंडर होताच ते पीएनजी म्हणून साठविले जाते. त्यात वक्ररेषा आधीच लागलेली असते आणि दिव्याचा खरा उजेड पांढऱ्यापाशी छाटला गेलेला असतो. मी रेंडर ओपन-ईएक्सआर स्वरूपात ठेवतो. त्यात पांढऱ्या भिंतीचा आकडा 1 असेल तर रस्त्यावरच्या दिव्याचा आकडा 400 असू शकतो, आणि तो तसाच शाबूत राहतो. ब्लेंडर वापरणाऱ्यांना ही सोय घरबसल्या आहे, कारण त्यातील `AgX` किंवा जुनी `Filmic` ही वक्ररेषा कंपोझिटरचे काम संपल्यावरच लागते.

प्रथम कडांच्या काळोखाविषयी. त्याला व्हिन्येट म्हणतात. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ लहानशी द्राक्षवेल, जुन्या ग्रंथांच्या पानांवर प्रकरणारंभी किंवा प्रकरणाच्या शेवटी काढीत त्या कडा विरून जाणाऱ्या वेलबुट्टीवरून तो आला. आपल्या घरांतून आजोबा-पणजोबांच्या ज्या तसबिरी असत, ज्यांत चेहऱ्याभोवतीचे अंडाकृती वर्तुळ हळूहळू पांढऱ्यात विरून जाई, तोही व्हिन्येटच. पण तो स्टुडिओवाल्याने मुद्दाम केलेला असे. भिंगाचा व्हिन्येट मात्र निसर्गनियमाने होतो. कडेला पडणारा किरण तिरका येतो; त्यामुळे त्याला भिंगाचे छिद्र चपटे दिसते, त्याचा प्रवास लांबतो आणि संवेदकावर तो आडवा पसरतो. या साऱ्यांचा गुणाकार करता उजेड कोनाच्या कोसाइनच्या चौथ्या घाताने घटतो. 50 मिलिमीटरच्या भिंगाला कोपऱ्यात मध्याच्या सुमारे 71 टक्के प्रकाश मिळतो, 35 च्या भिंगाला 52, आणि आमच्या 24 च्या भिंगाला अवघा 30 टक्के. म्हणजे काळोख किती करावयाचा हे आवडीवर नसून भिंगाच्या रुंदीवर आहे. प्रत्यक्षात आधुनिक रुंद भिंगांची रचना हा तोटा बराच भरून काढते आणि उरलेला कॅमेऱ्यातील संगणक पुसून टाकतो. म्हणून नियमाने येणारा काळोख संपूर्ण न घेता मी त्याचा साधारण एकतृतीयांश घेतो. स्वतःच्या कॅमेऱ्याचे मोजमाप हवे असेल, तर भिंगावर पांढरा कागद ताणून धरावा, मोकळ्या आभाळाकडे रोखून एक छायाचित्र घ्यावे आणि मध्यातले व कोपऱ्यातले आकडे ताडून पाहावेत.

परंतु उंच इमारतींच्या चित्रांत एक मख्खी आहे, आणि ती मला त्या दुसऱ्या सभेपर्यंत ठाऊक नव्हती असे नव्हे, तर मी तिच्याकडे काणाडोळा केला होता. खालून वर पाहताना इमारतीच्या उभ्या रेषा माथ्याकडे एकवटू नयेत म्हणून कॅमेरा तिरपा न करता समतल ठेवतात आणि भिंगच वर सरकवितात. ब्लेंडरमध्ये त्यासाठी `Shift Y` हा आकडा असतो. अशा वेळी भिंगाचा अक्ष चित्राच्या मध्यातून जात नाही, तो क्षितिजरेषेतून जातो. माझे चित्र 6000 पिक्सेल रुंद आणि 4000 उंच, आणि क्षितिज खालून 1000 पिक्सेलांवर. म्हणजे काळोखाचे केंद्र चित्राच्या मध्याच्या 1000 पिक्सेल खाली हवे. तसे केले असता नियमानुसार वरच्या कोपऱ्यांत 22 टक्के प्रकाश उरतो आणि खालच्या कोपऱ्यांत 38; एकतृतीयांशाच्या हिशेबाने पाहता वर सुमारे 27 टक्क्यांची आणि खाली 22 टक्क्यांची घट. हा फरक अल्प आहे. तरी तो साधला म्हणजे आभाळ वरच्या बाजूस आपसूक गडद होते, दुकानांपुढचा रस्ता मोकळा राहतो, आणि सारखे गोल भोक पाडलेल्या पुठ्ठ्यातून पाहिल्याचा भास नाहीसा होतो.

हा काळोख गुणाकाराने लावावा, वर काळा रंग पसरून नव्हे. दोहोंतील भेद ओळखण्याची खूण माझ्या त्या फसलेल्या चित्रात जवळून पाहावयास मिळाली. डाव्या कडेस एका दुकानाची ट्यूबलाइट होती. खऱ्या छायाचित्रात ती पांढरीच राहिली असती, कारण तिचा उजेड पांढऱ्याच्या कितीतरी पट असतो आणि त्यातला पाव भाग वजा झाला तरी जे उरते ते पांढरेच दिसते. मी मात्र वक्ररेषेनंतर काळा थर दिला होता. त्यामुळे ती ट्यूब राखेसारखी करडी झाली होती, जणू तिच्यावर काळी काच धरली आहे. कोपऱ्यातला पेटता दिवा करडा दिसला, की काळोख नंतर चोपडलेला आहे हे निश्चित समजावे.

आता झगझगाट. भिंगात काचेच्या अनेक चकत्या असतात आणि हवा व काच जेथे भेटतात त्या प्रत्येक पृष्ठावरून थोडा प्रकाश मागे फिरतो. लेप नसलेल्या काचेवरून तो सुमारे 4 टक्के परततो. येनाच्या झाइस कारखान्यात स्माकुला यांनी 1935 मध्ये काचेवर पारदर्शक लेप देण्याची रीत काढली, तेव्हापासून तो उत्तरोत्तर कमी होत आज चांगल्या भिंगांत अर्ध्या टक्क्याच्याही खाली आला आहे. एका पृष्ठावरून परतलेला किरण दुसऱ्यावर आपटून पुन्हा पुढे आला, म्हणजे संवेदकावर दिव्याची एक भुताटकी उमटते. 24 पृष्ठांच्या भिंगात अशा जोड्या 276 होतात. परंतु अर्ध्या टक्क्याचा अर्धा टक्का म्हणजे लाखात अडीच भाग, तेव्हा दिवा आसपासच्या पदार्थांहून शेकडो-हजारो पट तेजस्वी असल्याखेरीज त्यांतले काहीच नजरेस येत नाही. तयार मिळणारे झगझगाट पाहताक्षणी खोटे वाटतात याचे कारण हेच, की ते या हिशेबाच्या फार पुढे गेलेले असतात.

आमच्या चित्रात सूर्य पाठीशी. त्यामुळे त्याचा झगझगाट रद्द, आणि जे काही व्हावयाचे ते डाव्या बाजूच्या रस्त्यावरील दिव्यामुळे. त्याचे तीन परिणाम मी धरले. पहिला आणि सर्वांत उपयुक्त परिणाम म्हणजे भिंगाच्या अंतर्भागात उजेड विखुरून सबंध चित्रावर येणारा पातळ धूसरपणा. तो पांढऱ्याच्या एका टक्क्याहून कमी असतो, तरी त्याने रेंडरमधला कोळशासारखा निखळ काळा रंग जरासा उचलला जातो. गॅलरीखालचा काळोख शून्य न राहता मवाळ झाला, की चित्राचे निम्मे कृत्रिमपण तेथेच गळून पडते. दुसरा परिणाम दिव्याभोवतीचे तेजोवलय. ब्लेंडरच्या `Glare` नोडमध्ये `Fog Glow` निवडून तो मिळतो, फक्त तो मूळ न छाटलेल्या आकड्यांवर लावला पाहिजे, म्हणजे वलय दिव्याभोवतीच उमटते, पांढऱ्या भिंतीभोवती उमटत नाही. तिसरी ती भुताटकी.

भुताटकीची जागा भूमितीने ठरते: दिवा, भिंगाचा अक्षबिंदू आणि प्रतिबिंब हे एका रेषेत असतात. दिवा डावीकडून 1000 व खालून 2500 पिक्सेलांवर होता. अक्षबिंदू क्षितिजावर, म्हणजे डावीकडून 3000 व खालून 1000 वर. ती रेषा पलीकडे निम्मी वाढविली, तर प्रतिबिंब डावीकडून 4000 आणि खालून 250 पिक्सेलांवर, काळ्या ओल्या रस्त्यावर पडते. भिंग वर सरकविले आहे हे विसरून चित्राचा मध्य धरला असता, तर तेच प्रतिबिंब 1500 पिक्सेल वर, इमारतीच्या उजळ भिंतीवर गेले असते. खऱ्या कॅमेऱ्यात ते अशा भिंतीवर पडलेच, तर भिंतीच्या उजेडात बुडून जाते. गडद डांबरावर मात्र त्याची किंचित हिरवट, नखाएवढी चकती जाणवते. मी ती पांढऱ्याच्या शंभराव्या भागाहूनही मंद ठेवली. शंभरातल्या नव्वद जणांना ती दिसणार नाही, आणि तेच योग्य आहे.

दिव्याला ताऱ्यासारखे किरण फुटावेत असा मोह पडतो. ते किरण छिद्राच्या पात्यांच्या कडांवर प्रकाशाचे विवर्तन झाल्याने येतात: पाती सम असतील तर जितकी पाती तितके किरण, विषम असतील तर दुप्पट, सात पात्यांना चौदा. परंतु ते ठसठशीत उमटतात ते छिद्र बरेच मिटलेले असताना, एफ 11 किंवा 16 ला. आमचा छायाचित्रकार हाती कॅमेरा धरून एफ 4 वर उभा आहे. त्याला तारे परवडत नाहीत. हवेच असतील तर तिपाई द्यावी, झडप काही सेकंद उघडी ठेवावी, म्हणजे मग रिक्षांचे दिवे रेषांसारखे ओढले गेले पाहिजेत, चालणारी माणसे पुसट झाली पाहिजेत आणि आयएसओ 100 वर आल्याने रवाळपणा जवळजवळ नाहीसा झाला पाहिजे. एक साक्षीदार बदलला की बाकीच्यांची जबानीही बदलावी लागते ती अशी. शिवाय तारा द्यावयाचा तर रस्त्यावरच्या प्रत्येक दिव्याला, त्याच दिशेने झुकलेला आणि तेजाच्या मानाने लहान-मोठा असा द्यावा. एकट्या जवळच्या दिव्याला तारा आणि मागची रांग कोरडी, असे खऱ्या भिंगात घडत नाही.

दोष मोजून घेण्याची ही रीत माझी एकट्याची नव्हे. पिक्सारने 2008 मध्ये ‘वॉल-ई’ हा चित्रपट केला, त्या वेळी रॉजर डीकिन्स या छायालेखकाला सल्ल्यासाठी पाचारण केले होते, आणि 1970 च्या दशकातील पॅनाव्हिजन भिंगे प्रत्यक्ष कॅमेऱ्यावर चढवून त्यांचे दोष चित्रित करून अभ्यासले होते. त्यांना आढळले की आपल्या संगणकातील कॅमेरा खऱ्यासारखा वागतच नाही, आणि त्यांनी तो गणितात दुरुस्त केला. आपल्यापाशी तेवढा सरंजाम नसला, तरी संध्याकाळी त्याच जागी जाऊन आपल्याच कॅमेऱ्यातून दिव्याची पाच-दहा छायाचित्रे घेणे कोणालाही शक्य आहे. मी ती घेतली आणि माझी भुताटकी त्यांच्याशी ताडून दोनदा मंद केली.

शेवटी रवाळपणा, ज्याला आपण सर्रास नॉइज म्हणतो. येथे एक शंका हमखास विचारली जाते: रेंडर करताना चित्रात आपसूकच ठिपके राहतात, मग ते तसेच का ठेवू नयेत? त्याचे उत्तर असे, की ते ठिपके कॅमेऱ्याचे नसून हिशेबाचे असतात. संगणक प्रत्येक पिक्सेलासाठी काही शेकडा किरण यदृच्छया सोडून उजेडाचा अंदाज बांधतो. जेथे अंदाज कठीण, म्हणजे गॅलरीच्या पोटात, काचेच्या मागे, उजेड भिंतींवरून दोन-तीन वेळा आपटून जेथे पोहोचतो तेथे, ठिपके दाट राहतात, आणि उघड्या आभाळात एकही राहत नाही. खऱ्या कॅमेऱ्यात आभाळही रवाळ असते. म्हणून आधी डीनॉइजर लावून हिशेबाचे ठिपके संपूर्ण धुवून काढावेत आणि मग संवेदकाचा नॉइज वेगळा द्यावा. पहिला पुसून दुसरा घालण्यात वेळेचा अपव्यय नाही.

संवेदकाचा नॉइज येतो प्रकाशाच्याच स्वभावातून. प्रकाश धारेसारखा वाहत नाही, तो कौलांवर पडणाऱ्या पावसाच्या थेंबांसारखा कणाकणाने येतो. दोन शेजारच्या कौलांवर एका मिनिटात पडलेले थेंब सहसा सारखे नसतात, आणि सरासरीभोवतीचा हा चढउतार साधारणपणे तिच्या वर्गमुळाएवढा असतो. आयएसओ 800 ला शुभ्र पांढऱ्या जागी एका पिक्सेलात सुमारे 6000 इलेक्ट्रॉन जमतात असे मी धरले. तेथे चढउतार 77 चा, म्हणजे सव्वा टक्का. मध्यम करड्या भिंतीवर 1080 इलेक्ट्रॉनांना 33, म्हणजे 3 टक्के. आणि गॅलरीखालच्या सावलीत 60 इलेक्ट्रॉनांना जवळजवळ 8, म्हणजे 13 टक्के. उजेड जितका कमी तितका रवा ठळक, हा नियम डोळ्याला इतका परिचित आहे की सर्वत्र सारखा शिंपडलेला नॉइज त्याला धुळीसारखा वाटतो. माझ्या पहिल्या प्रयत्नात दिव्याच्या पांढऱ्या गाभ्यातही करडे ठिपके होते. खऱ्या चित्रात तो गाभा स्वच्छ असतो, कारण वक्ररेषेचा माथा तेथे सपाट झालेला असल्याने चढउतार त्यात विरून जातात. चित्र दुप्पट मोठे करून एकदा दिव्याच्या गाभ्याकडे आणि एकदा गॅलरीच्या सावलीकडे पाहिले, की नॉइज वक्ररेषेच्या आधी घातला की नंतर, याचा निवाडा तेथल्या तेथे होतो.

व्हिन्येट आणि नॉइज यांचा हा सारा हिशेब पायथनमध्ये असा मावतो. यात पिक्सेल वरून खाली मोजलेले आहेत, म्हणून क्षितिजाचा आकडा 3000 आला, आणि 24 मिलिमीटरचे भिंग या मापात 4000 पिक्सेलांचे होते.

```
cx, cy, f = 3000, 3000, 4000
y, x = np.mgrid[0:4000, 0:6000]
v = 1 / (1 + ((x-cx)**2 + (y-cy)**2) / f**2)**2
img = img * (1 - 0.35 * (1 - v[..., None]))
img = np.random.poisson(img * 6000) / 6000
```

एवढ्याने मिळणारा रवा अजून थोडा टोकदार, बारीक मीठ सांडल्यासारखा दिसतो. त्याचे कारण असे, की खऱ्या कॅमेऱ्यातला प्रत्येक पिक्सेल एकच रंग पाहतो. कोडॅकच्या ब्राइस बेयर यांच्या, 1976 मध्ये पेटंट मिळालेल्या मांडणीनुसार निम्मे पिक्सेल हिरवा, पाव तांबडा आणि पाव निळा प्रकाश मोजतात आणि उरलेले दोन रंग शेजाऱ्यांकडून उसने घेतले जातात. या उसनवारीत एका पिक्सेलाची चूक शेजारच्यांत झिरपते. म्हणून मी नॉइजचा थर वेगळा काढून त्याला सुमारे पाऊण पिक्सेलाची धूसरता देतो, आणि त्यातला रंगांचा भाग तीन-चार पिक्सेलांपर्यंत पसरवून अर्ध्याने उतरवितो. मग सावलीत तो ओळखीचा, किंचित तांबूस-हिरवट डाग असलेला रवाळपणा येतो.

या नॉइजचा एक लाभ मला अनपेक्षित होता. पारसिकवरचे ते निळे-गुलाबी आभाळ 2000 पिक्सेलांच्या उंचीत 256 पैकी जेमतेम 40 पायऱ्या उतरत होते, म्हणजे प्रत्येक पायरी 50 पिक्सेलांची. स्वच्छ रेंडरमध्ये त्या पायऱ्या डोंगरमाथ्याशी समांतर पट्ट्यांसारख्या स्पष्ट दिसत. पायरीच्या निम्म्याहून अधिक उंचीचा नॉइज मिसळताच प्रत्येक कड विस्कटली आणि आभाळ सलग झाले.

सभेच्या आधी चित्र सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावर गेले आणि पट्टे पुन्हा उमटले. तेथे चित्र दीड-दोन हजार पिक्सेलांपर्यंत आकुंचित झाले होते; चौपट आकुंचनात सोळा पिक्सेलांचा एक होतो, नॉइज पावपट उरतो, आणि तोही जेपेगच्या दाबात पुसला जातो. तेव्हापासून मोबाइलसाठी स्वतंत्र प्रत करतो: आधी आकार लहान, मग त्या आकाराला साजेल असा नवा नॉइज, आणि पट्टे मोडावेत म्हणून आभाळात तो थोडा चढा. भिंतीवर लावावयाच्या ए-3 कागदी प्रतीला मात्र मूळचेच माप पुरते.

पुढे सभासदांनी वीस सेकंदांची चलतचित्रफीतही मागितली. सेकंदाला 25 याप्रमाणे 500 चित्रे झाली. त्यात व्हिन्येट जागचा हलू नये, कारण तो भिंगाचा. भुताटकी दिव्याच्या उलट दिशेने सरकत राहावी. आणि नॉइज प्रत्येक चित्रात संपूर्ण नवा असावा. घाईत एका तुकड्याला मी सर्वत्र तोच नॉइज दिला होता, आणि पाहताना असे वाटे की न पुसलेल्या खिडकीच्या काचेमागून इमारत सरकते आहे. प्रत्येक चित्राचा क्रमांक यदृच्छ आकड्यांचे बीज म्हणून दिल्यावर ती काच नाहीशी झाली.

तिसऱ्या सभेत काकांनी चित्र पाहिले, चष्मा कपाळावर चढविला आणि विचारले, “हा फोटो कधी काढलात?” समाधान वाटले, आणि त्याच क्षणी थोडी धास्तीही, कारण जे बांधलेलेच नाही त्याचा फोटो निघत नाही, आणि 2016 च्या स्थावर संपदा कायद्याच्या बाराव्या कलमाप्रमाणे जाहिरातीतील किंवा माहितीपत्रकातील खोट्या निवेदनावर विसंबून कोणाचे नुकसान झाले, तर त्याची भरपाई प्रवर्तकाला करून द्यावी लागते. कॅमेऱ्याची साक्ष इतकी बेमालूम झाली असेल, तर चित्र काय आहे हे चित्रावरच लिहिलेले बरे. म्हणून वक्ररेषा लावून झाल्यावर, सर्वांत शेवटी, खालच्या डाव्या कोपऱ्यात ‘संकल्पचित्र’ हा शब्द मी ठळक अक्षरांत बसवितो. त्या अक्षरांना व्हिन्येट लागत नाही, धूसरपणा लागत नाही, आणि त्यांच्यावर नॉइजचा एक कणही नसतो.